शेवटचे दोन किलोवॅट

माझ्या मावसभावाचे सांगलीत किराणा मालाचे घाऊक दुकान आहे. हळद, गूळ, कडधान्ये यांच्या भावातील आठ आण्यांची हालचाल तो समोरच्या दलालाच्या आवाजावरून ओळखतो. असा मुरलेला व्यापारी घराच्या छतावर सौर संच बसविण्याचे दरपत्रक हाती आल्यावर मात्र खालचा आकडा आणि त्याशेजारी ठळक अक्षरांत छापलेली ‘परतफेड पावणेतीन वर्षांत’ ही ओळ पाहून सही करण्यास निघाला होता. सहीपूर्वी कागद मला दाखवावा असा आग्रह माझ्या भावजयीने धरला, म्हणून तो माझ्यापर्यंत आला. बँकेत कर्जप्रस्ताव वाचण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या कामाने एक सवय लावली आहे. प्रस्तावातील खर्चाचा आकडा सहसा खरा असतो, कारण तो वसूल करायचा असतो. तपासावा लागतो तो उत्पन्नाचा अंदाज.

दरपत्रक ५ किलोवॅटचे होते. मूळ किंमत २,७५,००० रुपये, त्यावर १३.८ टक्के जीएसटी ३७,९५० रुपये, एकूण ३,१२,९५०. त्यातून केंद्र शासनाचे ७८,००० रुपये अनुदान वजा करून ‘आपणांस निव्वळ खर्च २,३४,९५०’ असे लिहिले होते. पुढे बचतीचा हिशेब होता. संच महिन्याला ६०० युनिट वीज देईल, युनिटचा दर १२ रुपये, म्हणजे महिन्याला ७,२०० आणि वर्षाला ८६,४०० रुपयांची बचत. खर्चाला या बचतीने भागले की पावणेतीन वर्षे येतात. गुणाकार आणि भागाकार दोन्ही अचूक होते.

मी भावाला वर्षभराची वीजबिले काढून आणायला सांगितले. त्याच्या घरी वर्षाला ४,८०० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी ४०० युनिट वीज लागते. बिल सरासरी ५,१०० रुपये येते आणि वर्षाचे होतात सुमारे ६१,०००. मी एवढेच विचारले, “तुझे वर्षाचे बिलच एकसष्ट हजारांचे आहे, तर त्यातून शहाऐंशी हजार वाचणार कसे?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “दादा, हे तर खरेदीपेक्षा घट जास्त दाखवल्यासारखे झाले.”

येथे विक्रेत्याने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात एक किलोवॅटचा संच, छतावर सावली नसेल तर, वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतो. मी सावधपणे वर्षाला १,४०० युनिट धरतो. त्या मानाने ५ किलोवॅटला ७,००० युनिट येतात आणि दरपत्रकात ७,२०० होते. हा फरक किरकोळ आहे. चूक युनिटांत नव्हती, दरात होती. प्रत्येक युनिट १२ रुपयांचे धरले होते आणि घरगुती बिलात प्रत्येक युनिटची किंमत सारखी नसते.

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० हा दुसरा टप्पा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा. वहन आकार व विद्युत शुल्क मिळवून भावाच्या बिलात पहिल्या टप्प्याचे युनिट सुमारे ७ रुपयांना, दुसऱ्याचे १३ रुपयांना आणि तिसऱ्याचे साडेसोळा रुपयांना पडत होते. दर आदेशागणिक बदलतात, म्हणून वाचकांनी हे आकडे स्वतःच्या चालू बिलावरून काढावेत. ४०० युनिटांचे ७००, २,६०० आणि १,६५० मिळून ४,९५० रुपये होतात. उरलेले दीडशे रुपये स्थिर आकाराचे आहेत, आणि छतावर कितीही पॅनेल बसविली तरी ते भरावेच लागतात. ‘शून्य बिल’ ही जाहिरातीतील भाषा आहे, बिल कधी पूर्ण शून्य होत नाही.

आता सौर वीज येऊ लागली की बिलातील युनिटे वरून कमी होतात, खालून नव्हे. पहिल्यांदा साडेसोळा रुपयांची युनिटे जातात, मग तेरा रुपयांची आणि शेवटी सात रुपयांची. संपूर्ण दरपत्रकात ही एकच गोष्ट समजून घेण्यासारखी आहे आणि नेमकी तीच त्यात लिहिलेली नसते. तिचा अर्थ असा की संचाचा पहिला किलोवॅट सर्वांत जास्त कमावतो आणि प्रत्येक पुढचा किलोवॅट आधीच्यापेक्षा कमी. किंमत मात्र प्रत्येकाची जवळपास सारखीच असते.

मी भावासमोर दोन हिशेब मांडले. त्याआधी कराची एक दुरुस्ती केली. सौर संचाच्या बसवणुकीसह व्यवहारात ७० टक्के किंमत मालाची आणि ३० टक्के सेवेची धरून जीएसटी लावतात. मालावर पूर्वी १२ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. सेवेवरील १८ टक्के तसाच राहिला. म्हणून एकूण भार १३.८ वरून ८.९ टक्क्यांवर आला आहे. या दरपत्रकाचा नमुना जुनाच राहिला होता. जीएसटीचे विवरणपत्र दर महिन्याला भरणाऱ्या माझ्या भावाच्या नजरेतून हे सुटावे याचे मला नवल वाटले. पण घरचा खर्च वाचताना आपण दुकानाचा चष्मा बाजूला ठेवतो, हेही खरेच. या एका ओळीतच १३,४७५ रुपये कमी झाले.

पहिला हिशेब ५ किलोवॅटचा. सुधारित करासह किंमत २,९९,४७५. अनुदान जाऊन २,२१,४७५. वर्षाला वीज तयार होईल ७,००० युनिट, घरी लागतील ४,८००. घरच्या विजेचे सर्व पैसे वाचले असे धरले तर ४,९५० गुणिले १२, म्हणजे ५९,४०० रुपये. उरलेली २,२०० युनिटे वर्षअखेरीस वीज कंपनी विकत घेते, पण तुमच्या बिलातील दराने नव्हे. तो दर वेगळा ठरविलेला असतो आणि बराच कमी असतो. मी हिशेबापुरते ३ रुपये धरले. त्याचे ६,६०० होतात. एकूण लाभ वर्षाला ६६,००० रुपये.

दुसरा हिशेब ३ किलोवॅटचा. करासह किंमत १,९०,५७५. अनुदान जाऊन १,१२,५७५. वर्षाला ४,२०० युनिट, म्हणजे महिन्याला ३५०. बिलात उरतील ५० युनिटे आणि तीही सात रुपयांच्या टप्प्यातील; त्यांचे ३५० रुपये. म्हणजे महिन्याला ४,६०० आणि वर्षाला ५५,२०० रुपयांची बचत.

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर भावजयीनेच प्रश्न केला, “भाऊजी, मग वरच्या दोन किलोवॅटचे काय मिळते?” हाच प्रश्न विचारायचा असतो. वरच्या दोन किलोवॅटसाठी १,०८,९०० रुपये जास्त द्यायचे आणि त्यांच्यापासून मिळायचे वर्षाला १०,८०० रुपये. तेवढ्या भागाची परतफेड दहा वर्षांची होते. खालच्या तीन किलोवॅटची मात्र दोन वर्षांच्या थोडी पुढे. दोन्ही एकत्र करून सरासरी काढली की ती साडेतीन वर्षांच्या आत येते आणि चांगली दिसते. चांगल्या मालात दुय्यम प्रत मिसळून एकच भाव लावला तर तो आपण बाजारात चालवून घेत नाही.

यातील निम्मे गुपित अनुदानात आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये मिळतात. म्हणजे ७८,००० ही कमाल मर्यादा तीन किलोवॅटला गाठली जाते. चौथ्या-पाचव्या किलोवॅटला अनुदानाचा एक रुपयाही नाही. ते पूर्ण किमतीचे असतात आणि स्वस्त युनिटे वाचवितात.

अर्थात हा निकाल भावाच्या ४०० युनिटांचा आहे. त्याच्या मुलाने विजेवरची गाडी घेतली, घरात आणखी एक एसी बसला आणि वापर महिन्याला ५५० वर गेला, तर चित्र बदलते. तीन किलोवॅटनंतरही बिलात २०० युनिटे उरतील, त्यांतील वरची शंभर १३ रुपयांची असतील, आणि मग चौथा किलोवॅट तीन-सव्वातीन वर्षांत आपली किंमत परत देईल. म्हणून छतावर जागा राखून ठेवावी, लोखंडी सांगाडा पुढे वाढविता येईल असा घ्यावा, इतका सल्ला मी दिला. छत किती मोठे आहे यावरून संचाचे माप ठरवू नये, ते बिलावरून ठरवावे.

आता नेट मीटरिंगच्या अटींकडे येऊ. भावाची समजूत अशी होती की छतावर तयार झालेली वीज आधी बाहेर विकली जाते आणि मग घरची वीज वेगळी विकत घेतली जाते. तसे नसते. दुपारी पॅनेलची वीज प्रथम घरातील फ्रीज, पंखे, पाण्याचा पंप यांना मिळते आणि उरलेली तारेतून बाहेर जाते. संध्याकाळनंतर वीज बाहेरून आत येते. दुहेरी मीटर केवळ या आत-बाहेर येण्याजाण्याची नोंद ठेवते. भावाच्या घरचा एक नमुना महिना असा असेल: तयार झाली ३५० युनिटे, त्यांतील १४० दिवसाच घरात वापरली गेली, २१० बाहेर गेली. रात्री-पहाटे २६० आत आली. बिल येईल २६० वजा २१०, म्हणजे ५० युनिटांचे. मोबाईलवरील ॲपमध्ये ३५० दिसतील आणि बिलात २१०. यावरून अनेक घरांत ‘मीटर चुकीचे आहे’ असा वाद सुरू होतो. ॲप इन्व्हर्टरमधून निघालेली सर्व वीज मोजते, मीटर फक्त उंबरठ्याबाहेर गेलेली. दोन्ही आकडे बरोबर असतात.

एखाद्या महिन्यात बाहेर गेलेली युनिटे जास्त झाली, तर ती जमा राहून पुढच्या महिन्याच्या बिलात वळती होतात. ही जमा युनिटांत असते, रुपयांत नसते, आणि तेच ग्राहकाच्या फायद्याचे आहे, कारण हिवाळ्यात जमा झालेले युनिट पुढे महागड्या टप्प्यातील युनिट वाचवू शकते. पण या खात्याला एक मुदत आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे ही जमा आर्थिक वर्षापुरती चालते. आपली वही दिवाळीला बदलते, वीज खात्याची ३१ मार्चला. त्या दिवशी शिल्लक असलेली युनिटे कमी दराने विकत घेतली जातात आणि १ एप्रिलला पान कोरे होते. ही तारीख ग्राहकाच्या दृष्टीने गैरसोयीची आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आकाश स्वच्छ असते आणि वापर कमी असतो, तेव्हा जमा वाढते. आणि एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पंखे व एसी रात्रभर चालतात, तेव्हा मागची जमा हाती राहिलेली नसते. जून ते सप्टेंबरात ढगांमुळे उत्पादन बरेच खाली येते. म्हणून मी वर मांडलेला सरासरीचा हिशेब प्रत्यक्षात थोडा कमी उतरेल. मोठ्या संचाला हा तोटा जास्त बसतो, कारण मार्चअखेर त्याच्याच खात्यात जास्त युनिटे पडून असतात.

वीज गेल्यावर काय, हाही प्रश्न आला. तारेला जोडलेला साधा सौर संच वीज जाताच आपोआप बंद होतो, मग बाहेर भर दुपारचे ऊन का असेना. लाइनवर काम करणाऱ्या कामगाराला आपल्या छतावरून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी इन्व्हर्टरची रचनाच तशी असते. अखंड वीज हवी असेल तर बॅटरीचा संच लागतो आणि त्याचा खर्च व हिशेब सर्वस्वी वेगळा आहे.

अनुदानासंबंधी दोन गोष्टी दरपत्रकात लिहिलेल्या नव्हत्या. पहिली ही की अनुदान विक्रेत्याच्या बिलातून कमी होत नाही. संच बसून, तपासणी होऊन, मीटर लागल्यानंतर ते ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. म्हणजे आधी पूर्ण १,९०,५७५ रुपयांची सोय करावी लागते. दुसरी गोष्ट एकत्र कुटुंबांना फार जाचते. अर्ज वीजबिलावरील ग्राहकाच्या नावाने होतो. भावाच्या घराचे मीटर अजून कै. काकांच्या नावावर होते. दर महिन्याला बिल भरले जात होते, म्हणून कोणाला नाव बदलण्याची आठवण झाली नाही. आधी ते नाव बदलून घ्यावे, बँक खात्यावर आणि आधारवर तेच नाव आहे का ते पाहावे, मगच पोर्टलवर अर्ज करावा. दुकानाचे किंवा गोदामाचे मीटर या अनुदानाला चालत नाही. ती योजना घरगुती जोडणीपुरती आहे. आणि अनुदान हवे असेल तर पॅनेलमधील सेलसुद्धा भारतात बनलेले असावे लागतात. अशा पॅनेलना बाजारात ‘डीसीआर’ म्हणतात. बिनाडीसीआर पॅनेल स्वस्त मिळते, म्हणून एखादे दरपत्रक फारच कमी असेल तर प्रथम हे विचारावे.

शेवटी वॉरंटी. दरपत्रकात ‘२५ वर्षे वॉरंटी’ अशी एकच ओळ होती आणि वर पॅनेलच्या वर्णनात ‘नामांकित कंपनीचे किंवा समतुल्य’. ‘समतुल्य’ या शब्दाखाली कोणता माल येतो, हे व्यापाऱ्याला मी काय सांगावे! तो शब्द खोडून कंपनी, मॉडेल, एका पॅनेलचे वॅट आणि पॅनेलची संख्या लिहून घेतली. तीन किलोवॅटसाठी ५४० वॅटची सहा पॅनेल पुरतात.

पंचवीस वर्षांची जी वॉरंटी सांगतात, ती पॅनेलच्या कार्यक्षमतेची असते. पॅनेल दरवर्षी थोडे थोडे उतरते, आणि पंचवीस वर्षांनंतरही ते मूळ शक्तीच्या अमुक टक्क्यांखाली जाणार नाही, साधारण ८० किंवा त्याहून थोड्या वर, अशी ती ग्वाही आहे. पॅनेलची काच तडकली, मागचा थर सुटला, जोडणीची पेटी जळली, तर ती वस्तूची वॉरंटी. ती वेगळी असते आणि बऱ्याचदा १० किंवा १२ वर्षांची. तिच्यातही निर्मितीतील दोष येतो, माकडाने टाकलेला दगड किंवा गारपीट येत नाही. त्यासाठी घराच्या विमा पॉलिसीत सौर संचाची नोंद करून घ्यावी लागते. इन्व्हर्टरची वॉरंटी तिसरी, सहसा ५ ते १० वर्षांची. संचात सर्वांत आधी बिघडण्याची शक्यता याच पेटीची असते, म्हणून तिची वर्षे सर्वांत काळजीपूर्वक वाचावीत आणि वॉरंटी संपल्यानंतर एकदा ती बदलावी लागेल असे धरूनच चालावे. चौथी जबाबदारी बसविणाऱ्याची, म्हणजे सांगाडा, तारा, अर्थिंग आणि गच्चीला पाडलेल्या भोकांतून होणारी गळती. या योजनेखाली विक्रेत्याने ५ वर्षे देखभाल करणे अपेक्षित आहे. त्यात धुलाई धरली आहे की नाही, तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येईल, हे लेखी घ्यावे.

कार्यक्षमतेच्या वॉरंटीचा दावा करणे वाटते तितके सोपे नाही. उत्पादन घटले हे ग्राहकाने दाखवावे लागते, आणि धूळ व सावली ही कारणे आधी बाजूला सारावी लागतात. शेजाऱ्याच्या नव्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्याच ओळीतील इतरांचे उत्पादन खाली येऊ शकते. म्हणून पहिल्या वर्षाचे महिनावार उत्पादन एका वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षीचा मार्च मागच्या मार्चशी ताडून पाहिला की घट धुळीची आहे की दुसऱ्या कशाची याचा अंदाज येतो. धुऊन दोन दिवसांत उत्पादन वर आले, तर दोष पॅनेलचा नव्हता. प्रत्येक पॅनेलच्या मागे अनुक्रमांकाची चिकटपट्टी असते. पॅनेल सांगाड्यावर बसण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, कारण नंतर खाली वाकूनही ती दिसत नाही. तेच क्रमांक बिलावर आणि वॉरंटी कार्डावर, वीज ग्राहकाच्या नावाने, लिहून घ्यावेत. विक्रेत्याने धंदा बंद केला, तर कंपनीकडे जाण्यासाठी हाताशी तेवढाच कागद राहतो.

भावाने दुसरे दरपत्रक मागविले, ते ३ किलोवॅटचे. पहिल्यात ८० टक्के रक्कम आगाऊ मागितली होती. आम्ही ती २० टक्के मागणीबरोबर, ६० टक्के माल गच्चीवर आल्यावर व क्रमांक जुळल्यावर आणि २० टक्के दुहेरी मीटर लागल्यावर अशी बदलून घेतली. शेवटचा हप्ता मीटरशी बांधला, कारण संच बसूनही मीटर लागेपर्यंत बाहेर गेलेल्या विजेची नोंद होत नाही, आणि ते कागद पुढे सरकविण्याची घाई विक्रेत्यालाही असावी लागते. धुलाई व किरकोळ देखभालीचे वर्षाला ३,००० रुपये वजा केल्यावर ५२,२०० रुपयांची बचत उरते आणि १,१२,५७५ रुपये सुमारे दोन वर्षे दोन महिन्यांत फिटतात. मार्चअखेरची गळती धरून मी अडीच वर्षे लिहून दिली. भावाने त्याखाली आपल्या हाताने एक ओळ वाढविली: इन्व्हर्टरसाठी दरमहा तीनशे रुपये बाजूला.